51 ने गुणू नका: ब्रॅडफर्डच्या आकड्याचा खुलासा

"नमुना 10 पट पातळ केला, त्यातले 20 मायक्रोलिटर 1 मिलिलिटर डायमध्ये घातले. म्हणून उत्तराला 10 ने आणि 51 ने गुणायचं."

फक्त 10 ने. ब्रॅडफर्ड म्हणजे डायच्या रंगबदलावरून नमुन्यातलं प्रथिन मोजायची पद्धत. पणजीतल्या बीएस्सीच्या मुलांच्या वह्यांत 1020 भागिले 20 करून काढलेला हा 51 मी इतक्यांदा पाहिलाय, की आता लिहूनच टाकतो.

बीएसए या प्रथिनाचे माहीत तीव्रतेचे स्टँडर्डही तसेच 20 मायक्रोलिटर घेऊन 1 मिलिलिटर डायमध्येच घातलेले असतात. आलेखाच्या आडव्या अक्षावर त्यांची डायमध्ये घालण्याआधीची तीव्रता मांडली, तर डायमुळे झालेली घट त्यातच धरली जाते. बांगड्याच्या अर्काचं 595 नॅनोमीटरवरचं शोषण आलेखावर 0.42 मिग्रॅ/मिलि दाखवत असेल, तर मूळ अर्क 4.2. 51 ने गुणल्यास 214 येतात. इतकं प्रथिन साध्या बफरमधल्या अर्कात कुठून येणार?

अक्षावर मायक्रोग्रॅम असतील तर वाचन 8.4 येईल. त्याला 20 मायक्रोलिटरने भागा, मग 10 ने गुणा: तेच 4.2.

अहवालात नुसतं "1:10" लिहू नका. कुणी त्याचा अर्थ 11 पट लावतो. "100 मायक्रोलिटर अर्क + 900 बफर" असं लिहा. शंका असेल तर 20 पट पातळ करून पाहा: वाचन 0.21 च्या आसपास यायला हवं. तसं आलं नाही, तर बहुधा शोषण आलेखाच्या वरच्या, वाकलेल्या भागात आहे किंवा बफरमधला डिटर्जंट आड येतोय.