‘चि.’ लावायचं कुणी?

स्वतःच्या लग्नाचे यजमान स्वतःच व्हायचं ठरवलेली जोडपी हॉल, जेवण, मांडव सगळं बिनबोभाट पार पाडतात आणि पत्रिकेच्या पाच ओळींत अडकतात. मला यात त्यांचा दोष वाटत नाही. मराठी लग्नपत्रिका वधूवरांची कधी नव्हतीच. ते आईवडिलांनी पाहुण्यांना लिहिलेलं पत्र. ज्यांचं लग्न, ते दोघं त्यात निव्वळ विषय. आता विषयालाच तोंड फुटलं, तर व्याकरण बिथरणारच.

त्यात छापखान्यातल्या काँप्युटरवर मजकूर तयार असतो. ‘नावं सांगा, बाकी आम्ही बघतो,’ असं आश्वासन मिळतं आणि पुढचं प्रूफ हातात येतं:

‘आमचे येथे श्रीकृपेकरून चि. अनिकेत आणि चि. सौ. कां. मधुरा यांचा शुभविवाह करण्याचे योजिले आहे. तरी आपण सहकुटुंब, सहपरिवार उपस्थित राहून वधूवरांस शुभाशीर्वाद द्यावेत, ही नम्र विनंती. आपले नम्र, मधुरा आणि अनिकेत.’

सहीपाशी पोचेपर्यंत सगळं ठीक असतं. सही वाचली की उलगडा होतो, की मधुरा आणि अनिकेत मिळून मधुरा आणि अनिकेत नावाच्या दुसऱ्याच कुणाचं तरी लग्न लावून देताहेत.

‘चि.’ म्हणजे चिरंजीव. हा थोरांनी धाकट्याला द्यायचा आशीर्वाद. स्वतःच्या नावाला तो लावणं म्हणजे स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवून ‘आयुष्मान हो’ म्हणणं. ‘सौ. कां.’चं प्रकरण याहून नाजूक. सौभाग्यकांक्षिणी, म्हणजे सौभाग्याची इच्छा असलेली. आई लिहिते तेव्हा ती माया असते, मुलीने स्वतःच लिहिलं की जाहिरात होते. तेव्हा दोन्ही उपाध्या काढून नुसती नावं ठेवा. उघडी वाटतील, पण चार दिवसांत सवय होते.

खरा सापळा सर्वनामांचा. मराठीत ‘आम्ही’ म्हटलं की समोरचा वगळला जातो, ‘आपण’ म्हटलं की तोही आत येतो. शिवाय आदराने हाक मारतानाही ‘आपण’च. जरा आपुलकीने ‘आपण लग्न करत आहोत’ लिहिलंत, तर पत्रिका वाचणारे जोशीकाका बोहल्यावर चढले म्हणून समजा. तेव्हा जोडप्यासाठी कायम ‘आम्ही’ आणि पाहुण्यांसाठी कायम ‘आपण’. ‘आम्ही विवाहबद्ध होत आहोत’ या वाक्यात आणखी एक सोय आहे: क्रियापदात ना पुल्लिंग, ना स्त्रीलिंग, त्यामुळे मजकुरात दोघांचं वजन सारखं राहतं.

आता आईवडील. ते यजमान नसले तरी त्यांची नावं गाळली, तर लग्नाआधीच फोन वाजू लागतात. ‘आईवडिलांच्या संमतीने’ मात्र लिहू नये. ऑपरेशनच्या फॉर्मवरची ओळ वाटते. ‘आशीर्वादाने’ चपखल बसतं. जोडीने ‘सौ. व श्री.’ लिहिताना ते अजून जोडीने राहतात ना, हे मात्र बघा. वेगळे झाले असतील तर दोन ओळी करा आणि ‘सौ.’ काढा. वडील हयात नसतील तर ‘कै.’ लावून ‘आशीर्वादाने’ तसंच चालतं. फक्त त्यांना निमंत्रकांच्या यादीत बसवू नका.

हे सगळं निस्तरल्यावर तोच मजकूर असा होतो:

‘सप्रेम नमस्कार. आईवडिलांच्या आशीर्वादाने आम्ही, मधुरा आणि अनिकेत, विवाहबद्ध होत आहोत. आपण सहकुटुंब येऊन आमच्या आनंदात सहभागी व्हावे, ही आग्रहाची विनंती.’

खाली दोन्हीकडच्या आईवडिलांची नावं, मग तारीख, वेळ, कार्यस्थळ. ‘वधूवरांस’ गेलं, ‘योजिले’ गेलं. ‘शुभाशीर्वाद’ मी मुद्दाम काढला आहे, कारण ही पत्रिका ऑफिसातल्या कनिष्ठांनाही जाते आणि त्यांनी साहेबांना आशीर्वाद द्यायचा कसा? प्रूफ तपासताना प्रत्येक क्रियापदाला ‘कोण?’ विचारा. उत्तर मध्येच बदललं, तर जुन्या मजकुराचा तुकडा कुठेतरी राहिला आहे.

एवढं करूनही गावाकडच्यांसाठी आई वेगळी, जुन्या थाटाची पत्रिका छापतेच. छापू द्या. फक्त दोन्हींतली वेळ एकदा शेजारी ठेवून बघा. एकीत मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा आणि दुसरीत ‘सकाळी ११पासून’ एवढंच असलं, तर निम्मे पाहुणे मंगलाष्टकांआधी दीड तास येऊन बसतात आणि उरलेले थेट पंगतीला. दोन्ही वेळा दोन्ही पत्रिकांत लिहा.

आणि तळाशी ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!’ ही ओळ हवी असेल तर खुशाल ठेवा. अख्ख्या पत्रिकेत यजमान बदलल्याने जिचा कर्ता हलत नाही, अशी ती एकच ओळ आहे.