प्रतिक्रिया: चीक, साल आणि ओठांवरची पुरळ

«आंबा खाल्ल्यावर दोन दिवसांनी ओठांच्या कडेला पुरळ येते, पण नुसत्या आमरसाने काहीच होत नाही. असं का?»

कारण त्रास गरापेक्षा साल आणि देठाच्या चिकात जास्त आहे. त्यात रिसॉर्सिनॉल गटातली तेलकट द्रव्यं असतात. अमेरिकेतल्या पॉयझन आयव्ही या पुरळ उठवणाऱ्या वेलीतलं उरुशिऑल हे तेल त्यांचं जवळचं भावंड. आपल्याकडे बिब्बा उततो तोही याच कुळातला. एकदा शरीर अशा द्रव्याला संवेदनशील झालं की पुढच्या स्पर्शाला पांढऱ्या पेशी त्वचेवर हल्ला करतात. त्याला साधारण एक ते तीन दिवस लागतात, म्हणून आंब्यावर संशयच जात नाही.

आंबा पाण्यात भिजवल्याने वरचा चीक जातो, सालीतलं द्रव्य नाही. त्यामुळे साल दुसऱ्याने काढावी, सुरी धुऊन मगच गर कापावा आणि फोड दातांनी सालीपासून ओरबाडू नये. चीक लागलाच तर दहा-पंधरा मिनिटांत साबणाने धुवा; नुसत्या पाण्याने तेल निघत नाही. झाडावरून काढताना देठ थोडा ठेवला तर चीक उडत नाही.

खाल्ल्यावर काही मिनिटांत घसा सुजला किंवा श्वास अडला, तर ती वेगळी ॲलर्जी. तेव्हा थेट दवाखाना.