रॅक नसलेल्या जिममधला स्क्वॉट

सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये किंवा गल्लीतल्या छोट्या जिममध्ये स्क्वॉट रॅक सहसा नसतो. एक स्मिथ मशीन, एक केबल, थोडे डंबेल आणि दोन बेंच, एवढ्यावर सगळ्यांचं चालतं. तिथे जाणाऱ्या माणसाला हमखास ऐकवलं जातं, की स्मिथवर स्क्वॉट करू नकोस, गुडघे जातील. मला हे मुळीच पटत नाही. गुडघ्यांना त्रास होतो तो बहुतेक वेळा मोकळ्या रॉडचा स्क्वॉट जसाच्या तसा मशीनवर करायला गेल्यामुळे.

मोकळा रॉड खांद्यावर असतो तेव्हा त्याचं वजन पावलांच्या मध्यावर ठेवावंच लागतं, नाहीतर आपण पडू. त्यासाठी कंबर मागे जाते आणि धड पुढे झुकतं. स्मिथचा रॉड मात्र दोन दांड्यांवरून ठरलेल्या रेषेतच सरकतो. पाय बरोबर त्याच्या खाली ठेवले आणि धड ताठ ठेवायला गेलं, तर गुडघे खूप पुढे येतात आणि टाचा उचलल्या जातात. पाय रॉडच्या अर्धं पाऊल पुढे ठेवले की हे थांबतं. पाठीने रॉडला मागे रेटलं तरी दांड्या तो सांभाळतात, त्यामुळे मागे पडायची भीती नसते आणि धड बऱ्यापैकी ताठ राहतं. टाचा उचलल्या गेल्या तर पाय अजून थोडे पुढे घ्यायचे. खाली गेल्यावर कंबर गोल होत असेल किंवा बूट पुढे सरकत असतील, तर पाय जास्तच पुढे गेलेत. काही मशीनच्या दांड्या किंचित तिरप्या असतात. तिथे रिकाम्या रॉडने दोन्हीकडे तोंड करून बघायचं आणि जी दिशा सोपी वाटेल ती ठेवायची.

माझ्या मावसबहिणीची बदली झाली आणि नव्या गावातल्या जिममध्ये रॅक नव्हता. ती मोकळ्या रॉडने 50 किलोचे 5 रेप्स मारायची. पहिल्याच दिवशी तिला तोच आकडा स्मिथवर लावायचा होता, मी थांबवलं. मोकळा ऑलिंपिक रॉड 20 किलोचा असतो, पण स्मिथच्या रॉडला बऱ्याचदा आतून प्रतिवजन लावलेलं असतं आणि मग तो बराच हलका भरतो. तिने घरचा वजनकाटा नेला. त्यावर उभं राहून रिकामा रॉड खांद्यावर घेतला आणि काट्यावर 12 किलो वाढले. म्हणून प्रत्येक बाजूला 10 किलो लावून तिने 32 किलोवर सुरुवात केली, 10 रेप्सचे 3 सेट. तिन्ही सेटमध्ये 12 रेप्स नीट झाले, की बाजूला अडीच किलो वाढवायचे आणि पुन्हा 10 वर यायचं.

स्टॉपर मात्र दर वेळी लावायचेच. रिकाम्या रॉडने पूर्ण खाली जायचं आणि रॉड जिथे थांबतो त्याच्या दोन बोटं खाली ते बसवायचे. दमलेल्या अवस्थेत मनगट फिरवून हूक अडकवता येईलच, यावर विसंबायचं नाही.

मशीनने काहीच होत नाही म्हणणारे कॅनडातल्या सस्कॅचेवान विद्यापीठाच्या 2009 च्या अभ्यासाकडे बोट दाखवतात. त्यात मोकळ्या स्क्वॉटमध्ये स्नायूंची विद्युत हालचाल सरासरी 43 टक्के जास्त दिसली होती. पण त्यात माणसं फक्त सहा होती, आणि ते मोजमाप स्नायूंच्या वाढीचं नव्हतं.

एक गोष्ट मात्र स्मिथवर खरंच सुटते. धड वळू न देण्याचं काम दांड्या करतात. इथे केबल उपयोगी पडते. पुली छातीच्या उंचीवर आणायची, तिच्याकडे बाजू करून उभं राहायचं, हँडल दोन्ही हातांनी छातीपाशी धरायचं आणि हात सावकाश सरळ पुढे न्यायचे. केबल धडाला वळवायला बघते, आपण वळू द्यायचं नाही. एका हाताचं रोइंगही असंच, बारबेल रोऐवजी ते मला जास्त आवडतं. केबलवरचा आकडा दुसऱ्या जिमशी जुळवू नका. अनेक दुहेरी पुलीच्या मशीनवर 20 ची पिन लावली तरी हाताला 10 च जाणवतात.

केबलने जड स्क्वॉट किंवा डेडलिफ्टची जागा भरायला मात्र जाऊ नये. वजन वाढलं की केबल आपल्यालाच ओढायला लागते आणि पायांआधी तोल जातो. डेडलिफ्टसाठी मुळात रॅक लागतच नाही. मोकळा रॉड असेल तर जमिनीवरून उचला. फरशी फुटेल म्हणून जिमवाले नको म्हणत असतील, तर स्मिथवर रोमानियन डेडलिफ्ट करा. रॉड मांड्यांच्या उंचीवरच्या हूकवरून घ्यायचा, गुडघे किंचित वाकवून कंबर मागे न्यायची आणि मांडीच्या मागे ताण आला की वर यायचं. रॉड पायांपासून दूर राहतोय असं वाटलं, तर एक इंच पुढे सरका.

परत रॅक मिळाला की स्मिथचा आकडा विसरायचा. बहीण आता जुन्या गावी येते तेव्हा रिकाम्या 20 किलोच्या रॉडने सुरू करते आणि सेटगणिक वाढवत जाते. पाय दमत नाहीत, पण तोल परत बसायला तिला थोडे दिवस लागतात.