सराफाने तोंडी सांगितलेला आकडा आणि रिपोर्टवरचा आकडा: त्या फॉरवर्डला उत्तर

"आईआजीचे जुने दागिने विकायचे, वाटायचे किंवा त्यांचा इन्शुरन्स काढायचा असेल तर व्हॅल्युअरला पैसे देऊ नका. १) ओळखीचा सराफ मशीनवर टच बघून दोन मिनिटांत फुकट किंमत सांगतो, रिपोर्टवाला पण तेच करतो. २) सोन्याची किंमत एकच असते, वजन गुणिले दर, बाकी सगळं धंदा. ३) कागद केलात की इन्कम टॅक्सच्या नजरेत आलात. सगळ्यांना पाठवा."

आधीच सांगून टाकते, मी दागिन्यांचे रिपोर्ट लिहिते आणि त्याची फी घेते, त्यामुळे माझा स्वार्थ आहे, तो धरूनच वाचा. आणि हा मेसेज अगदीच खोटा नाहीये, म्हणूनच तर इतका फिरतोय. तुमच्याकडे हॉलमार्कची साधी चेन असेल, त्यावर सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी असेल, तर तो बीआयएस केअर अ‍ॅपवर टाका, कॅरेट कळेल, वजन करा, दराने गुणा, संपलं, त्याला माझी काय कुणाचीच गरज नाही. सोनं तारण ठेवून लोन घ्यायचं असेल तरी माझा रिपोर्ट बँक बाजूला ठेवते, कारण त्यांचा स्वतःचा माणूस तपासतो आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे फक्त सोन्याची किंमत धरतो, खडे-मोती शून्य. अडचण येते ती जुन्या घरगुती दागिन्यांची, ज्यांच्यावर ना हॉलमार्क ना पावती, आणि मेसेज नेमका त्यांच्याबद्दलच बोलतोय.

पहिला मुद्दा

टच म्हणजे शंभर भागांत शुद्ध सोनं किती ते. मशीन तेच असतं, मान्य. पण ते मशीन काय बघतं ते समजून घ्या. एक्स-रेवालं ते मशीन दागिन्याच्या आत शिरत नाही, वरचा केसाहूनही पातळ थर वाचतं. आता जुने दागिने आपल्याकडे दर दोन-चार वर्षांनी दिवाळीला नाहीतर लग्नसराईला पॉलिशला जातात, कधी मुलामा पण देऊन येतात, म्हणजे वर चांगलं शुद्ध सोनं बसलेलं असतं आणि आतलं हलकं. समोरच्या बाजूवर मशीन धरलं की ९१ दाखवणार, मागे जिथे अंगाला घासून घासून थर उडालाय तिथे ८४, आणि जिथे जोड दिलाय तिथे त्याहून कमी. काउंटरवरचा माणूस गर्दीत एका जागी धरतो आणि एक आकडा सांगतो, त्याचं काही चुकत नाही, तुम्ही विचारलंच तेवढं. लेखी काम करताना तीन-चार जागी रीडिंग घ्यावं लागतं आणि कुठल्या जागी काय आलं ते लिहावं लागतं, कारण उद्या कोणी विचारलं तर "तेव्हा असं वाटलं" म्हणून चालत नाही.

दुसरं म्हणजे तो सराफ तुम्हाला किंमत सांगतो म्हणजे नेमकं काय सांगतो? तो स्वतः आत्ता किती देईल ते सांगतो. त्यात त्याची वितळवायची घट, त्याचा नफा, उद्या दर पडला तर त्याची रिस्क, सगळं आधीच वजा झालेलं असतं. विकायचंच असेल तर हा आकडा सगळ्यात कामाचा आहे, माझ्या रिपोर्टपेक्षा जास्त, कारण त्यामागे पैसे द्यायला तयार असलेला माणूस उभा आहे. तीन दुकानं फिरा, प्रत्येकाला तीनच गोष्टी विचारा: निव्वळ वजन किती धरलं, टच किती लावला, दर कोणता. नुसती रक्कम विचारू नका, नाहीतर एकाने वजनात कापलं आणि दुसऱ्याने टचमध्ये कापलं हे कळणारच नाही, आणि मोडीचे रोख पैसे देणार की बदली दागिना घेतला तरच तो दर, हे पण विचारा, त्यात चांगलाच फरक पडतो.

तोंडी मताचा अजून एक उपयोग आहे जो लोक विसरतात, चाळणी लावायचा. समजा तन्मणी आहे. सराफाकडे नेला तर मोत्यांची किंमत तो बहुतेक शून्य धरेल, मोती त्याच्या धंद्यात मोडीत जात नाहीत. पण जुना जाणता माणूस असेल तर मोती हातात फिरवून म्हणेल, "ताई, हे बसऱ्याचे, नैसर्गिक मोती असू शकतात, दाखवून घ्या कुठेतरी." हे वाक्य फुकट मिळालंय आणि ते लाखमोलाचं आहे, पण त्या "असू शकतात"च्या पुढे डोळ्याने जाताच येत नाही. नैसर्गिक मोती आणि कल्चर्ड मोती यांची आतली रचना वेगळी असते, ती लॅबमध्ये एक्स-रे काढूनच दिसते. आणि दागिना पणजीचा आहे म्हणजे मोती पण तेव्हाचे असं धरू नका, मोत्यांचे सर तुटतात, पुन्हा गाठवले जातात, मधे कुणीतरी चार नवीन घातलेले असतात. तोंडी मत तुम्हाला लॅबच्या दारापर्यंत आणतं, पुढे कागदच लागतो.

दुसरा मुद्दा

हा सगळ्यात घातक आहे, कारण भावाबहिणींची भांडणं इथेच सुरू होतात. एक कोल्हापुरी साज घेऊ. हिशोब सोपा जावा म्हणून शुद्ध सोन्याचा दर ग्रॅमला १०,००० धरते, हा आजचा दर नाहीये, नुसता गणिताला. साज काट्यावर ठेवला, ४८ ग्रॅम भरला.

आता साजाची पानं आणि मणी म्हणजे पातळ पत्रा, आत लाख भरलेली, शिवाय दोरा आणि खडे. म्हणजे ४८ ग्रॅम सोनं नाहीच ते. सराफ म्हणतो १५ ग्रॅम लाख-बिख गेली, ३३ ग्रॅम सोनं, टच ८४. तेहतीसला ८४ टक्के म्हणजे शुद्ध २७.७२ ग्रॅम, झाले २,७७,२००, त्यातून ३ टक्के घट, उरले २ लाख ६९ हजार. तो म्हणतो, "दोन सत्तर समजा." प्रामाणिक आकडा आहे.

मी तोच साज वाटणीसाठी बघितला. तशाच मापाच्या मण्यांचा अंदाज, एखादं पान आधीच फुटलेलं असेल तर त्यातल्या पत्र्याची जाडी, असं करत निव्वळ सोनं ३४.५ ग्रॅम धरलं, टच तोच ८४. वाटणीत कोणी वितळवत नाहीये, कोणी नफा काढत नाहीये, म्हणून घट नाही. झाले २ लाख ९० हजार.

आणि इन्शुरन्ससाठी विचारलं तर प्रश्नच वेगळा, साज चोरीला गेला तर तसाच नवीन करायला किती लागतील? ३४.५ ग्रॅम पण २२ कॅरेटचं, म्हणजे ग्रॅमला ९,१६०, झाले ३,१६,०२०. साजाची मजुरी २० टक्के धरू, ६३ हजार. वर ३ टक्के जीएसटी. गेलं ३ लाख ९० हजारांवर.

एकच साज, दोन सत्तर, दोन नव्वद, तीन नव्वद, आणि तिन्ही बरोबर! म्हणून रिपोर्टमध्ये सगळ्यात आधी हे बघायचं असतं की तो कशासाठी केलाय आणि कोणत्या तारखेचा आहे, रक्कम नंतर. मी बघितलेली भांडणं अशीच असतात, दादाने आपल्या वाट्याच्या पाटल्यांना मोडीचा भाव लावलेला असतो आणि ताईच्या साजाला शोरूमचा, दोघांकडे "सराफाने सांगितलं" एवढाच पुरावा, आणि सराफ तर म्हणणार मी असं बोललोच नव्हतो, कारण त्याला त्या दिवशी पन्नास लोकांनी विचारलेलं असतं. वाटणीत सगळे दागिने एकाच दिवशी, एकाच दराने, एकाच पद्धतीने मोजलेले हवेत, मग दर पुढे कुठेही जाऊ दे.

लेखी रिपोर्ट म्हणजे ब्रह्मवाक्य असंही नाही बरं का. लाख किती हे साज मोडल्याशिवाय कुणालाही नक्की सांगता येत नाही, मलाही नाही. ३४.५ हा माझा अंदाजच आहे. फरक इतकाच की मी ते लिहून देते, निव्वळ वजन अंदाजे, कसं काढलं ते असं, ग्रॅम-दीड ग्रॅम इकडे तिकडे होऊ शकतं. ज्या रिपोर्टमध्ये जुन्या लाखेच्या दागिन्याचं निव्वळ वजन मिलिग्रॅमपर्यंत ठासून लिहिलंय आणि कसं काढलं त्यावर एक ओळ नाही, फोटो नाही, एकूण वजन आणि निव्वळ वजन वेगळं नाही, तो लेटरहेडवर टाइप केलेला तोंडी आकडाच आहे, त्याला पैसे देऊ नका, इथे मी त्या मेसेजच्या बाजूने आहे.

इन्शुरन्सचं अजून एक, भारत गृह रक्षा पॉलिसीत दागिन्यांचं वेगळं कव्हर घेताना एकूण रक्कम ५ लाखांच्या आत आणि एकेक वस्तू १ लाखाच्या आत असेल तर व्हॅल्युएशन सर्टिफिकेट लागत नाही. म्हणजे कानातल्या-अंगठ्यांसाठी धावपळ करू नका. पण वरचा साज एकटाच त्या मर्यादेच्या बाहेर आहे.

तिसरा मुद्दा

रिपोर्ट तुमच्या हातात मिळतो, त्याची कॉपी आपोआप कुठल्या खात्यात जात नाही. उलट कागद नसल्याचा त्रास विकताना होतो. वारसाने आलेल्या दागिन्यांवर मिळताना टॅक्स नाही, विकल्यावर नफ्यावर आहे, आणि नफा काढायला खरेदीची किंमत लागते. आईने १९७८ मध्ये केलेल्या पाटल्यांची पावती कुठून आणणार? दागिना १ एप्रिल २००१ च्या आधीचा असेल तर त्या दिवशीची बाजारभावाची किंमत खरेदी म्हणून धरता येते, आणि ती सांगायला इन्कम टॅक्सकडे रजिस्टर असलेल्या व्हॅल्युअरचा रिपोर्ट लागतो. सराफ आजचा भाव सांगेल, २००१ मधला सांगणं हे त्याचं कामच नाही. बाकी घरात किती सोनं चालतं ही भीती असेल तर १९९४ पासूनची सूचना आहे की झडतीत विवाहित स्त्रीमागे ५०० ग्रॅम, अविवाहित मुलीमागे २५० आणि पुरुषामागे १०० ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करत नाहीत, त्याचा आणि रिपोर्ट असण्या-नसण्याचा काही संबंध नाही.

विकायचं नक्की झालं असेल तर हा २००१ चा रिपोर्ट दागिना मोडीत द्यायच्या आधी करून घ्या. एकदा वितळला की फोटो काढायला, टच बघायला, वजन करायला माझ्या समोर काहीच उरत नाही, आणि सराफाच्या मोडीच्या पावतीवर "जुने सोने, इतके ग्रॅम" यापलीकडे काही लिहिलेलं नसतं.