डेस्कटॉप, लॅपटॉप आणि टेबलाखालचा यूपीएस

"डेस्कटॉपला ४५० वॅटचा एसएमपीएस आहे, म्हणजे तासाला अर्धा युनिट वीज खातो" हे वाक्य दर उन्हाळ्यात, बिल वाढलं की ऐकू येतं. हिशोब इथेच चुकतो. ४५० वॅट ही एसएमपीएसची कमाल देण्याची ताकद आहे. तो तेवढी वीज ओढत बसत नाही. लॅपटॉपच्या ६५ वॅटच्या अडॅप्टरचंही तसंच.

टायपिंग, एक्सेल, ब्राउझर, अधूनमधून व्हिडिओ एवढंच काम असेल आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल, तर डेस्कटॉपचा डबा साधारण ५० वॅट घेतो आणि २२ इंची एलईडी मॉनिटर २० वॅट. एकूण ७०. त्याच कामाला लॅपटॉप स्क्रीनसकट १५ वॅटमध्ये भागवतो.

आता रोज ८ तास, वर्षाचे ३०० दिवस धरा. एकूण २४०० तास. डेस्कटॉपचे १६८ युनिट होतात, लॅपटॉपचे ३६. दर किती धरायचा? बिलावरचा पहिल्या १०० युनिटचा दर धरू नका. कॉम्प्युटरचे युनिट घरातल्या बाकीच्या वापरावर चढतात, म्हणून तुमचं बिल ज्या टप्प्यावर संपतं त्या टप्प्याचा दर घ्या. त्यात वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क मिळवा. स्थिर आकार सोडून द्या, तो कॉम्प्युटर नसला तरी भरावाच लागतो. सोयीसाठी इथे युनिटला १२ रुपये धरतो. डेस्कटॉप वर्षाला २,०१६ रुपये, लॅपटॉप ४३२.

(महावितरणच्या घरगुती बिलात ३०० युनिट ओलांडले की सगळं बिल वरच्या दराने येतं, असं बरेच जण समजतात. तसं नाही. वरचा दर फक्त ३०० च्या पुढच्या युनिटांना लागतो.)

या हिशोबात एक गडी सहसा विसरला जातो. तो म्हणजे टेबलाखालचा यूपीएस. कॉम्प्युटर बंद असला तरी यूपीएस चोवीस तास चालू असतो, बॅटरी भरलेली ठेवतो आणि त्यात वीज उष्णतेवाटे जाते. हात लावलात तर कोमट लागतो, ती तीच. ६ वॅट धरले तरी वर्षाला ५२ युनिटच्या वर. म्हणजे लॅपटॉप वर्षभर काम करून जेवढी वीज घेतो, त्याहून जास्त हा डबा नुसता बसून खातो! लॅपटॉपला यूपीएस लागतच नाही, त्याची बॅटरी पोटातच असते.

काम संपल्यावर आधी यूपीएसचं बटण बंद करा आणि मग भिंतीचा स्विच. उलट केलंत तर तो लाइट गेली असं समजून बॅटरीवर चालत राहील आणि रात्रभर बोंबलेल. अशा सवयीने सुमारे ३८ युनिट, म्हणजे साडेचारशे रुपये वाचतात. मात्र महिनाभर गावी जाणार असाल तर आल्यावर यूपीएस आधी ८-१० तास चार्ज होऊ द्या. बॅटरी पडून पडून उतरते, आणि उतरलेलीच राहिली तर खराब होते.

आकडे पटत नसतील तर स्वतः मोजा. घरच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी `3200 imp/kWh` असं काहीसं छापलेलं असतं, म्हणजे ३२०० लुकलुकींना एक युनिट. फ्रिज, इन्व्हर्टर, वायफाय, सगळं बंद करून फक्त कॉम्प्युटर चालू ठेवा आणि १५ मिनिटं मोजा. ७० वॅटला ५६ लुकलुकी येतील, १५ वॅटला १२. लॅपटॉप मोजताना बॅटरी १०० टक्के भरलेली हवी, नाहीतर चार्जिंगची वीजही मोजली जाते आणि आकडा तिप्पट दिसू शकतो. इन्व्हर्टर विसरलात तर सगळंच फसतं.

डेस्कटॉप स्लीपमध्ये जातच नसेल तर कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून हे चालवा:

```
powercfg /requests
```

कोणता प्रोग्रॅम त्याला जागं ठेवतोय, ते बहुतेक वेळा इथे नावानिशी दिसतं. बरेचदा मागे उघडी राहिलेली व्हिडिओची टॅब निघते. स्क्रीनसेव्हरने काही वाचत नाही, कारण मॉनिटर चालूच असतो.

मग डेस्कटॉप विकून लॅपटॉप घ्यावा का? निव्वळ बिलासाठी, माझ्या मते, नाही. यूपीएससकट फरक वर्षाला सव्वादोन हजारांच्या आसपास येतो. चार-पाच वर्षांनी लॅपटॉपची बॅटरी बदलावी लागली की त्यातला मोठा हिस्सा तिथेच जातो. शिवाय घरी बसून काम करणारे बहुतेक जण लॅपटॉपला मोठा मॉनिटर जोडतात. तिथे १५ चे ३५ वॅट होतात आणि वर्षाचे ४३२ रुपये हजारावर जातात. गेमिंगचा डेस्कटॉप मात्र या हिशोबात बसवू नका. गेम चालू असताना त्याचं एकटं ग्राफिक्स कार्ड २०० वॅटच्या वर जाऊ शकतं.