खुलासा: फायरिंग अँगल आणि सरासरी व्होल्टेज

"45° म्हणजे 180° चा पाव भाग. म्हणून 45° ला थायरिस्टर फायर केला की आउटपुट व्होल्टेज पाव हिश्श्याने कमी होतं."

सांगली-मिरजेच्या डिप्लोमाच्या ग्रुपांवर प्रॅक्टिकलच्या तोंडावर फिरणारा हा मेसेज चुकीचा आहे. एकच थायरिस्टर आणि रेझिस्टिव्ह लोड असेल तर सूत्र असं:

```
Vdc = (Vm / 2π) × (1 + cos α)
```

लॅबमधला 24 V सेकंडरीचा ट्रान्सफॉर्मर घ्या. Vm सुमारे 33.9 V. α = 0° ला 10.8 V मिळतात, 45° ला 9.2 V. म्हणजे घट जेमतेम 15 टक्के. कारण सरळ आहे: साइन वेव्ह सुरुवातीला शून्याजवळ असते, त्यामुळे कापलेल्या तुकड्याचं क्षेत्रफळ थोडंच भरतं. 90° ला मात्र बरोबर निम्मे, 5.4 V येतात, आणि बहुधा त्यामुळेच मेसेज खरा वाटतो. 135° ला पुन्हा फरक पडतो: मेसेजप्रमाणे 2.7 V, प्रत्यक्षात 1.6 V.

स्वतः तपासा. स्कोपवर लोडचा वेव्हफॉर्म लावा. 50 Hz ला अर्धी सायकल 10 ms ची, म्हणून 45° म्हणजे 2.5 ms उशीर. मल्टिमीटर डीसी रेंजवरच ठेवा, एसी रेंजचं रीडिंग सरासरी दाखवत नाही. थायरिस्टरवर साधारण 1 V पडतो, त्यामुळे आकडा किंचित कमी येईल. लोडमध्ये कॉइल असेल तर हे सूत्र लावू नका.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हे सूत्र टाका.