एअर फ्रायरच्या खाचेत काडी खुपसू नका

"एअर फ्रायर मधेच बंद पडतो? जळका वास येतो? सर्व्हिस सेंटरला पैसे घालवू नका! १) आतल्या छोट्या खाचेत काडेपेटीची काडी तोडून बसवा, पुन्हा कधी बंद पडणार नाही. २) वास नवेपणाचा असतो, आपोआप जातो. ३) टोपलीत कपभर पाणी घालून २०० वर दहा मिनिटं चालवा, आतून सगळा स्वच्छ. ४) तळाला फॉइल पसरा, धुवायची गरजच नाही. सगळ्यांना पाठवा!"

हा मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर तीनदा आला, तेव्हा मी गप्प बसले. गेल्या रविवारी ठाण्याला आत्याकडे गेले. तिने एअर फ्रायरची टोपली बाहेर ओढली आणि मशीन बंदच होईना. टोपली हातात, वर जाळीमागे कॉइल लाल, पंखा गरम वारा खाली ओट्यावर सोडतोय. मी आधी प्लग ओढला. खाचेत काडी होती. "अगं, ती बसवल्यापासून एकदासुद्धा बंद पडला नाही," आत्या म्हणाली. आता मात्र गप्प बसणं शक्य नाही.

त्या खाचेत एक बारीक स्विच असतो. टोपली पूर्ण आत गेली की तिच्यावरचा उंचवटा तो स्विच दाबतो, आणि तेव्हाच कॉइलला नि पंख्याला वीज मिळते. टोपली जरा बाहेर आली की वीज तुटते. काडी घातली की मशीनच्या लेखी टोपली कायम आतच. म्हणजे तुम्ही वड्या उलटताना मनगट २०० अंशांच्या वाऱ्याखाली. आणि आत तेल किंवा चुरा पेटला तर माणूस घाबरून टोपली ओढतो. तेव्हा पंखा थांबायला हवा, तर तो त्या जाळावर वारा घालत राहतो. (आत काही पेटलंच तर टोपली उघडू नका. प्लगपर्यंत हात सुरक्षित पोचत असेल तर तो काढा, नाहीतर मेन स्विच बंद करा.) काडी स्वतः लाकडाची, गुल असलेला तुकडा तर आणखी वाईट, हे वेगळं सांगायला नको.

बरं, मशीन मुळात बंद का पडत होतं? आत्याचं दर वेळी सातव्या-आठव्या मिनिटाला थांबायचं. टायमर टिकटिकत राहायचा, कारण डायलच्या बहुतेक मशीनमधला टायमर स्प्रिंगवर चालतो, पण आतला वारा बंद. सुरुवातीला चालतं आणि मधेच थांबतं, म्हणून लोकांना वाटतं आत काहीतरी जळलं. प्रत्यक्षात टोपली स्विचला जेमतेम टेकलेली असते. तापल्यावर पत्रा किंचित हलतो, पंख्याच्या थरथरीने टोपली केसभर मागे सरकते, आणि तेवढ्याने स्विच सुटतो.

हे ओळखायची सोपी रीत आहे. मशीन थांबलं की टोपली ओढू नका. दांड्यावर तळहात ठेवून सरळ आत दाबा. वारा पुन्हा सुरू झाला तर दोष बैठकीचा आहे. आत्याची काडी काढून आम्ही हेच केलं, आणि दाबताक्षणी पंखा घरघरला.

मग प्लग काढून मशीन गार होऊ दिलं, टोपली काढून मोबाईलचा टॉर्च आत मारला. टोपली जिथे मागे टेकते त्या कोपऱ्यात बेसन, तीळ आणि तेल यांचा काळा थर होता, जुन्या पाच रुपयांच्या नाण्याएवढा जाड. दोन वर्षांच्या कोथिंबीर वड्यांचा चुरा तिथे साठलेला. टोपली रोज घासली जाते, पण ती ज्या खोबणीत बसते ती कुणी बघत नाही. गरम पाण्यात पिळलेलं फडकं पाच मिनिटं थरावर धरलं, लाकडी उलथन्याच्या टोकाने खरवडलं, पुसलं. सुरी वापरू नका, लेप निघतो. आधी टोपली आणि मशीन यांच्या फटीत लग्नाच्या पत्रिकेचा जाड कागद सहज सरकत होता, नंतर सरकेना. पुन्हा वीस मिनिटं चालवलं, थांबलं नाही.

दाबूनही सुरू झालं नाही, पण अर्ध्या तासाने गार झाल्यावर आपोआप चाललं, तर मशीन जास्त तापतंय. मागची गरम हवा बाहेर पडायची जाळी भिंतीला चिकटली आहे का बघा, चार-पाच बोटांची तरी जागा लागते. पंख्याचा आवाज जड किंवा घासल्यासारखा झाला असेल तर पात्यांवर तेलकट चुरा बसलाय. आणि दिवाही लागत नसेल तर आधी त्याच सॉकेटला दुसरं काही लावून बघा. सॉकेट ठीक असेल तर आतला उष्णतेचा फ्यूज गेलेला असू शकतो. तो एकदाच उडतो आणि उडण्यामागे कारण असतं. तिथे तार जोडून काम भागवू नका, दुरुस्तीला द्या.

वासाबद्दल मेसेजमध्ये अर्धं खरं आहे, ते मान्य करते. नव्या मशीनच्या कॉइलवरचा लेप पहिल्यांदा तापताना वास येतो, रिकामं चालवलं की एक-दोन वेळांत जातो. पण दोन वर्षं जुन्या मशीनचा वास नवेपणाचा कसा? वास करपलेल्या पापडासारखा असेल तर तो कॉइलवर उडून बसलेल्या चुऱ्याचा. वायर किंवा प्लास्टिक जळल्यासारखा असेल तर मशीन त्याच क्षणी बंद करायचं. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने फेब्रुवारी २०२३ मध्ये कोसोरी कंपनीचे सुमारे २० लाख एअर फ्रायर परत मागवायला लावले. आतला वायरचा जोड तापत होता. पेट घेणं, वितळणं, धूर येणं अशा २०५ तक्रारी नोंदल्या होत्या. असला वास आपोआप जात नाही. आपल्याकडे आणखी एक कारण प्लगमध्ये सापडतं: १५०० वॅटचं मशीन २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर ओढतं आणि लोक ते सहा अँपिअरच्या एक्स्टेंशन बोर्डावर लावतात. वापरानंतर प्लगची पिन तपकिरी दिसली तर वास तिथलाच. मोठ्या, सोळा अँपिअरच्या सॉकेटवर लावा.

कपभर पाण्याने टोपलीतला थर मऊ पडेल, पण चुरा आहे वर, कॉइलच्या जाळीत, तो वाफेने निघत नाही. चरबीचा पदार्थ भाजताना टोपलीतल्या जाळीखाली दोन चमचे पाणी घातलं तर धूर कमी होतो, तेवढंच काय ते खरं. कॉइलसाठी प्लग काढून तासभर थांबा, मशीन टॉवेलवर उलटं ठेवा, जुन्या दात घासायच्या ब्रशने हलक्या हाताने चुरा झाडा, मग साबणाचा थेंब घेतलेल्या ओलसर फडक्याने पुसा. वरून पाणी किंवा फवारा मारू नका, तारेची घासणीही नको. तिचे तुकडे आत पडून शॉर्ट होऊ शकतं. पूर्ण वाळल्यावरच प्लग लावा.

फॉइलने जाळीची भोकं बंद होतात, वारा फिरत नाही, वड्या खालून कच्च्या राहतात. हलकी फॉइल उडून कॉइलला चिकटते ते वेगळंच. बटर पेपरचंही तेच, पदार्थाच्या वजनाखाली नसेल तर तो वर जातो आणि करपतो.

काडी मी आत्याच्या देखत कचऱ्यात टाकली. तिने ग्रुपवर दांडा दाबून बघायची रीत स्वतः लिहून टाकली, खाली त्या काळ्या थराचा फोटो जोडला.